खाद्यतेल व तूप यांच्या डब्यांची छायाचित्रावरून ओळख

शाळेच्या कोठीत पोषण आहाराचा माल उतरतो, तेव्हा तेलाच्या डब्याचे एक छायाचित्र भ्रमणध्वनीने काढून ठेवण्याची पद्धत आता बहुतेक ठिकाणी पडली आहे. पुष्कळदा असे छायाचित्र वर पाठविण्यात येते, नोंदवहीत ‘माल मिळाला’ असा शेरा पडतो आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः त्या छायाचित्रातून डब्याची बरीचशी कुळकथा वाचता येते. मात्र त्यासाठी ते योग्य रीतीने घेतलेले असावे लागते आणि त्यात काय पाहावयाचे हे ठाऊक असावे लागते. गावातील पालकही कित्येकदा बाजारातून आणलेल्या तुपाच्या डब्याचे चित्र घेऊन शिक्षकाकडे येतात व ‘हे खरे तूप आहे काय’ असे विचारतात. त्यांनाही हीच माहिती उपयोगी पडावी.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, डब्याची दर्शनी बाजू विक्रेत्याची असते. ठसठशीत नाव, फुलांची नक्षी, गाय, शेंगा, सोनेरी पट्टा ही सर्व ग्राहकाला आकर्षून घेण्याची सामग्री होय, आणि नक्कल करणारा नक्कल करतो ती याच बाजूची. मालाची खरी ओळख कायद्याने छापावयास लावलेल्या बारीक मजकुरात असते. हा मजकूर बहुधा बाजूच्या किंवा मागच्या अंगास असतो आणि नेमके तेच अंग छायाचित्रात आलेले नसते. समोरून घेतलेले एकच चित्र पाहून डबा ओळखू जाणे म्हणजे पुस्तकाच्या वेष्टनावरून त्यातील धडा सांगण्यासारखे आहे.

म्हणून चौकोनी डब्याची किमान सहा चित्रे घ्यावीत. चार बाजूंची चार, झाकण व बूच यांचे एक आणि तारीख व बॅच क्रमांक जेथे उमटविलेला असेल तेथले जवळून एक. डबा उघड्यावर, पण उन्हाच्या तिरिपेत न ठेवता सावलीत ठेवावा. पत्र्यावर ऊन चमकले म्हणजे नेमकी अक्षरे पुसट होतात. यंत्र डब्याच्या पृष्ठभागाशी समांतर धरावे. तिरपे धरल्यास अंकांची ओळ आखूड दिसते आणि ३ व ८, १ व ७ यांचा घोटाळा होतो. चित्र पाठविताना साध्या चित्रसंदेशाने न पाठविता मूळ फाइल म्हणून पाठवावे, कारण संदेशाद्वारे जाणारे चित्र आपोआप लहान केले जाते व बारीक अक्षरे फुटतात. घेतलेले चित्र जागेवरच मोठे करून पाहावे. परवान्याचे सर्व अंक वाचता येत नसतील, तर ते चित्र या कामापुरते नसल्यासारखेच आहे.

आता मजकुराकडे वळू. सर्वांत आधी पाहावयाचे ते मालाचे जातिवाचक नाव. व्यापारी नाव व जातिवाचक नाव यांतील भेद मुलांना व्याकरणात शिकवितात त्या विशेषनाम व सामान्यनाम यांच्या भेदासारखाच आहे. व्यापारी नाव काहीही असू शकेल. ‘रिफाइंड सोयाबीन ऑइल’, ‘घी’, ‘वनस्पती’ ही जातिवाचक नावे होत आणि ती कायद्याने ठरलेली आहेत. तूप म्हणजे दुधाची स्निग्धता. तिच्यात वनस्पतीज तेलाला जागा नाही. वनस्पती म्हणजे हायड्रोजन वायूच्या योगाने थिजविलेले वनस्पती तेल. १९३७ साली ‘डालडा’ या नावाने ते पिवळ्या डब्यातून बाजारात आले. पुढे ते नाव इतके रुळले की, कोणत्याही कंपनीच्या वनस्पतीला घरोघरी ‘डालडा’च म्हणू लागले. डब्यावर गाईचे वा लोण्याच्या गोळ्याचे चित्र असेल, नावात ‘गो’, ‘माखन’ असे शब्द असतील, परंतु बारीक मजकुरात ‘घी’ हा शब्द न येता ‘वनस्पती’ किंवा ‘व्हेजिटेबल फॅट’ असे येत असेल, तर तो डबा तुपाचा नव्हे. घटकांची यादी हा याचा दुसरा साक्षीदार. तुपाच्या डब्यावर घटक म्हणून दुधाच्या स्निग्धतेचाच उल्लेख असावयास हवा.

मिश्र तेलाची गोष्ट थोडी निराळी. दोन खाद्यतेलांचे मिश्रण करून विकण्यास कायद्याची परवानगी आहे, मात्र त्यातील प्रत्येक तेलाचे प्रमाण वजनाने २० टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि ती प्रमाणे आवरणावर छापली पाहिजेत. पूर्वी अशा डब्यावर ‘ब्लेंडेड एडिबल व्हेजिटेबल ऑइल’ असे लिहीत. अलीकडे ‘मल्टी-सोर्स एडिबल ऑइल’ हे नाव आले आहे. मोहरीचे तेल अशा मिश्रणात घालण्यास ८ जून २०२१ पासून मनाई आहे. म्हणजे दर्शनी भागावर शेंगदाण्याचे चित्र आणि मागे ‘पामोलीन ८० टक्के, शेंगदाणा तेल २० टक्के’ असा मजकूर, असे असू शकते. चित्र पाहून घेणाऱ्याची यात फसगत होते. मागची ओळ वाचणाऱ्याची होत नाही.

तिसऱ्या एका प्रकाराबद्दल विशेष सावधगिरी हवी. दिव्यासाठी व पूजेसाठी म्हणून तेल व तूप स्वतंत्र विकले जाते. त्याचे डबे दिसावयास खाण्याच्या तुपासारखेच असतात, किंमत मात्र बरीच कमी असते. असा माल खाण्यासाठी नसतो. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी अशा आवरणावर चौकटीत काळी फुली असावी असे ठरविले आहे. खाण्याच्या शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा भरीव ठिपका असतो. ठिपका आणि फुली यांतील हा भेद लहान मुलालाही दाखविता येण्याजोगा आहे, आणि छायाचित्रात अक्षरे पुसट आली तरी तो बहुधा स्पष्ट दिसतो.

परवाना क्रमांकाचे वाचन हे शिक्षकांना खात्रीने आवडेल असे काम आहे, कारण तो एक सांकेतिक अंकपाठच आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ साली झाला. त्याअन्वये ‘एफएसएसएआय’च्या चिन्हाखाली १४ अंकी क्रमांक छापावा लागतो. पहिला अंक १ असेल तर तो परवाना होय. २ असेल तर ती लहान व्यावसायिकाची केवळ नोंदणी होय. पुढचे दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राने दिलेल्या परवान्यावर १५ येतात, तर केंद्राने दिलेल्या परवान्यावर शून्य-शून्य. त्यापुढील दोन अंक वर्षाचे, मग तीन अंक परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याशी संबंधित आणि शेवटचे सहा अनुक्रमाचे. यावरून ‘११५२१’ ने आरंभ होणारा क्रमांक म्हणजे महाराष्ट्रात २०२१ साली दिलेला परवाना असे वाचावे. क्रमांक १३ किंवा १५ अंकी भरला, किंवा वर्षाच्या जागी अजून न उगवलेले वर्ष आले, तर तो डबा तत्क्षणी बाजूस ठेवावा.

तथापि अंकांची रचना बरोबर असणे म्हणजे परवाना खरा असणे नव्हे. दुसऱ्याचा खरा क्रमांक कोणीही छापू शकतो. foscos.fssai.gov.in या शासकीय संकेतस्थळावर क्रमांक घातला म्हणजे परवानाधारकाचे नाव व पत्ता दिसतो. तो डब्यावरील नावपत्त्याशी ताडून पाहावा. येथे एक बारकावा आहे. डब्यावर तेल तयार करणारा, ते भरणारा आणि विकणारा असे निरनिराळे पक्ष असू शकतात व एकाहून अधिक परवाना क्रमांकही असू शकतात. प्रत्येक क्रमांक ज्याच्या नावाखाली छापला आहे त्याच्याशीच ताडावा. नाहीतर निर्दोष डब्यावर उगाच संशय येतो.

ॲगमार्क हे चिन्ह याहून जुने. १९३७ च्या कृषिमाल प्रतवारी व खूणचिठ्ठी कायद्याखाली ते दिले जाते, आणि त्याची मध्यवर्ती प्रयोगशाळा नागपूर येथे आहे. परवाना हा धंदा करणाऱ्याचा असतो, तर ॲगमार्क हा मालाच्या प्रतीचा. ही दोन चिन्हे एकमेकांची जागा घेत नाहीत. ॲगमार्कच्या संपूर्ण खुणेत ‘ॲगमार्क’ या शब्दाबरोबर प्राधिकारपत्राचा म्हणजे सी.ए. क्रमांक, मालाचे नाव व प्रत ही असावयास हवीत. तुपाच्या विशेष प्रतीस तांबडी व सर्वसाधारण प्रतीस हिरवी खूणचिठ्ठी असते. नुसताच शब्द अथवा नुसतीच आकृती छापलेली असून क्रमांक व प्रत नसेल, तर ती खूण अपुरी समजावी. बहुतेक मालास ॲगमार्क ऐच्छिक आहे, म्हणून तो नसल्यामुळेच डबा बनावट ठरत नाही. परंतु शालेय पोषण आहाराच्या मार्गदर्शक सूचनांत ॲगमार्क दर्जाचा माल घेण्यास सांगितलेले असल्याने शाळेच्या डब्यावर त्याची अपेक्षा धरावी. निळ्या रंगातील अधिक-चिन्ह व इंग्रजी ‘एफ’ ही खूण तेलात ‘अ’ व ‘ड’ ही जीवनसत्त्वे घातल्याची आहे. तेलाच्या शुद्धतेचे ते प्रमाणपत्र नव्हे.

आता सारखेपणाचा प्रश्न. फसवे सारखेपण दोन जातींचे असते व त्यांचा उलगडा निरनिराळ्या रीतीने करावा लागतो. पहिल्या जातीत नकलाकार दर्शनी रूप उचलतो, पण बारीक मजकूर स्वतःचा ठेवतो. नावातील एखादे अक्षर बदलतो, रंग व पट्टा तोच ठेवतो. अशा डब्यात अन्नकायद्याविरुद्ध काही असेलच असे नाही. वाद असतो तो नावाच्या हक्काचा. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ‘अमृतधारा’ व ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांचा तंटा आला. तेव्हा न्यायालयाने विचारात घेतला तो सामान्य बुद्धीचा व अपुऱ्या आठवणीचा ग्राहक, आणि त्याची फसगत होण्याइतकी ही नावे सारखी आहेत असे म्हटले. ‘अपुरी आठवण’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. मागच्या महिन्याचा डबा डोळ्यांपुढे आणून आजच्या डब्याशी ताडणे हे मनुष्याला नीट जमत नाही. म्हणून पहिल्या खात्रीच्या डब्याची सहा चित्रे जपून ठेवावीत आणि नव्या डब्याची चित्रे त्यांच्या शेजारी ठेवून बाजूला बाजू अशी पाहावीत.

दुसऱ्या जातीत नकलाकार सर्वच उचलतो, परवाना क्रमांकसुद्धा. येथे संकेतस्थळ उपयोगी पडत नाही, कारण क्रमांक खऱ्या कारखानदाराचाच असतो. अशा वेळी बॅच क्रमांक व तारीख यांकडे पाहावे. खऱ्या कारखान्यात डब्याचे रंगकाम आधी होते व भरण्याच्या वेळी तारीख वेगळी उमटविली जाते, त्यामुळे तिची अक्षरे बाकीच्या छपाईहून निराळी दिसतात. तारीख व बॅच हीही मूळ छपाईबरोबरच छापलेली दिसली, अथवा निरनिराळ्या महिन्यांत आलेल्या डब्यांवर तोच बॅच क्रमांक आढळला, तर संशयास बळकटी येते. डबा जुना असून पुन्हा भरलेला असेल, तर बुचाभोवती दुबार डाख दिल्याच्या खुणा, कडांवर गंज, जुन्या छपाईवर चिकटविलेला कागद किंवा खरवडलेली जागा दिसते. खाद्यतेलासाठी एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा भरण्यास मनाई आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्याने जलोदरासारख्या सुजेची साथ उद्भवली व साठाहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात खाद्यतेल बंद आवरणातूनच विकण्याविषयी आदेश निघाला. आवरणावरच्या या साऱ्या मजकुराला जे वजन आले आहे, त्यामागे ही घटना आहे.

एक उदाहरण घेऊन सर्व पायऱ्या लावून पाहू. समजा, ६० मुलांच्या एका प्राथमिक शाळेत जुलै महिन्यात ‘रिफाइंड सोयाबीन ऑइल, निव्वळ वजन १५ किलो’ असा डबा आला होता. सप्टेंबरात आलेला डबा तेवढाच उंच, तोच पिवळा रंग, तीच हिरवी पट्टी आणि सोयाबीनच्या शेंगांचे तसेच चित्र. नावात केवळ एका अक्षराचा फरक. शिक्षकाने दोन्हींची चित्रे शेजारी ठेवली. मागच्या बाजूस नव्या डब्यावर ‘मल्टी-सोर्स एडिबल ऑइल’ असे असून पामोलीन ८० व सोयाबीन २० टक्के अशी प्रमाणे निघाली. म्हणजे मागणी सोयाबीन तेलाची असताना माल दुसराच आला. परवाना १४ अंकी, ‘११५’ ने आरंभ होणारा, आणि संकेतस्थळावरील नाव डब्यावरील भरणाऱ्याच्या नावाशी जुळले. येथवर डबा बनावट म्हणता येत नाही. ॲगमार्कची आकृती आहे, पण सी.ए. क्रमांक व प्रत नाही. ही पहिली लेखी तक्रार करण्याजोगी गोष्ट झाली.

मग परिमाण. नव्या डब्यावर ‘१५ लिटर’ असे मोठ्या अक्षरांत आणि ‘१३.६५ किलो’ असे त्याखाली लहान अक्षरांत होते. तेल पाण्याहून हलके असते. एक लिटर तेल साधारणपणे ९१० ग्रॅम भरते. म्हणून १५ लिटर तेल १५ किलो होत नाही, ते १३ किलो ६५० ग्रॅमच होते. डब्यावर खोटे काहीच छापलेले नाही, पण पावतीवर ‘१५ चा डबा’ एवढेच लिहिलेले असले, तर १ किलो ३५० ग्रॅम तेल न येताच खर्ची पडते. प्राथमिक वर्गातील मुलामागे दिवसास ५ ग्रॅम तेल धरले, तर १५ किलोत ३००० ताटे होतात व १३.६५ किलोत २७३०. साठ मुलांच्या शाळेत पहिला डबा ५० दिवस पुरतो, दुसरा ४५ दिवसांनंतर अर्ध्या दिवसात संपतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर तेल जास्त वापरल्याचा ठपका येतो तो कित्येकदा अशा ठिकाणी. चौथी-पाचवीच्या मुलांकडून हेच गणित सोडवून घेता येईल.

या उदाहरणात छायाचित्राने मालाची जात, परिमाण व खुणेचा अपुरेपणा एवढे ठरविले. आत खरोखर कोणते तेल आहे, ते त्याने ठरविले नाही व ते त्याचे कामही नव्हे. ते प्रयोगशाळेतच ठरते. तुपात साखर व तीव्र आम्ल घालून रंग पाहण्याची जी युक्ती सांगण्यात येते, ती वनस्पतीत घातलेल्या तिळाच्या तेलाचा रंग दाखविते. भेसळ दुसऱ्या चरबीची असली तर ती गप्प बसते. शिवाय असे आम्ल शाळेत मुलांच्या हाताशी असणे बरे नव्हे.

संशय आल्यास डबा फोडू नये. बूच व मोहोर शाबूत असलेला डबाच तपासणीस सर्वांत उपयोगी, कारण अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून मोहोरबंद करतात आणि आधीच उघडलेल्या डब्याबद्दल पुरवठादार सहज हात झटकतो. साठा नोंदवहीत डबा येण्याची तारीख, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक व निव्वळ वजन लिहून ‘वापरासाठी काढलेला नाही’ असा शेरा मुख्याध्यापकांच्या सहीने मारावा. सहाही चित्रांसह गटशिक्षणाधिकाऱ्यांस कळवावे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयास प्रत द्यावी. पत्रात ‘भेसळयुक्त’ हा शब्द वापरू नये. जे चित्रात दिसते तेवढेच लिहावे: ‘खुणेत सी.ए. क्रमांक नाही’, ‘सोयाबीनऐवजी मिश्र तेल छापलेले आहे’. दुसऱ्या जातीची, म्हणजे सर्वांगी नकलेची शंका असेल, तर बॅच क्रमांकाचे चित्र मूळ कारखानदाराच्या आवरणावरील ग्राहकसेवेच्या पत्त्यावरही पाठवावे. त्या बॅचचा माल त्यांनी भरला होता किंवा नाही हे त्यांच्या दप्तरात असते.

राहता राहिला रिकामा डबा. भंगार घेणाऱ्यास तो जसाच्या तसा देऊ नये. तेल संपल्यावर दर्शनी व मागच्या अशा दोन्ही बाजूंस खिळ्याने चार-पाच भोके पाडावीत, बुचाची तोटी ठोकून चेपावी आणि तसे केल्याची नोंद वहीत त्याच डब्यासमोर करावी.